इअरबड्समधलं स्पेशियल ऑडिओ आणि हेड ट्रॅकिंग: कधी चालू ठेवायचं, कधी बंद करायचं

नवीन इअरबड्स घेतले की पहिल्या आठवड्यात एक तक्रार हमखास येते. गाणं ऐकता ऐकता मान वळवली, आणि गायिकेचा आवाज एका कानात सरकला. बड बिघडला का, गाणंच तसं आहे का, की कानात नीट बसला नाही? बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. हेड ट्रॅकिंग चालू असतं, आणि ते आपलं काम चोख करत असतं. फक्त त्या वेळी त्याची गरज नसते.

गोंधळाचं मूळ असं की स्पेशियल ऑडिओ आणि हेड ट्रॅकिंग ही दोन वेगळी बटणं आहेत, पण बरेच जण ती एकच समजून एकत्र चालू किंवा बंद करतात. खरं तर पहिलं चालू ठेवून दुसरं बंद ठेवता येतं, आणि रोजच्या वापरात अनेकदा तेच सोयीचं पडतं.

आवाज डोक्याबाहेर कसा जातो

उजव्या बाजूला कोणी टाळी वाजवली तर आवाज उजव्या कानावर आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानावर थोडा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त साधारण 0.65 मिलिसेकंद असतो. शिवाय डोकं मध्ये आल्याने डाव्या कानात आवाज हलका आणि थोडा बोथट ऐकू येतो. कानाच्या पाळीच्या घड्यांवर आपटून येताना आवाजातल्या काही वरच्या कंपनसंख्या दबतात, काही उठतात, आणि त्यावरून मेंदू आवाज वरून येतोय की खालून, याचा अंदाज बांधतो.

साध्या स्टिरिओत यातलं काहीच नसतं. डावीकडचं वाद्य फक्त डाव्या कानात वाजतं, उजव्या कानाला त्याचा पत्ताच नसतो. खोलीत असं कधी घडत नाही, म्हणून बड्समधलं संगीत डोक्याच्या आत, दोन कानांच्या मध्ये वाजल्यासारखं वाटतं. स्पेशियल ऑडिओ ही उणीव गणिताने भरून काढतं. प्रत्येक आवाजाला तो ठरावीक उशीर, तो बोथटपणा आणि खोलीच्या भिंतींवरून येतो तसा थोडा प्रतिध्वनी लावून ते दोन्ही कानांत पाठवतं. मग आवाज समोर किंवा बाजूला, डोक्याबाहेर असल्याचा भास होतो.

पण एक अडचण राहते. नाकासमोरचा आवाज दोन्ही कानांवर एकाच वेळी पोचतो, आणि बरोबर पाठीमागचाही. दोन्हींत उशीर शून्य. पाळीच्या घड्यांमुळे फरक पडतो खरा, पण प्रत्येकाचा कान निराळा आणि बड्समधलं गणित सरासरी कानाचं. त्यामुळे समोरचा संवाद कधी डोक्यामागून, तर कधी कपाळाच्या वरून येतोय असं वाटतं.

प्रत्यक्षात आपण हा घोळ नकळत मान हलवून सोडवतो. मान जराशी उजवीकडे वळवली की समोरचा आवाज डाव्या कानावर आधी पोचू लागतो, आणि मागचा असेल तर उजव्या कानावर. एवढ्यावरून मेंदूचा निकाल लागतो. हेड ट्रॅकिंग हेच बड्समध्ये आणतं. बडमधले जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर मान किती वळली ते मोजतात, आणि आवाज तेवढाच उलट दिशेने फिरवला जातो. परिणामी संवाद पडद्याला चिकटून राहतो.

तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: आवाज ज्याला चिकटून राहावा असं काही माझ्यासमोर आहे का? समोर पडदा असेल तर हेड ट्रॅकिंगला अर्थ आहे. नसेल तर ते बहुधा नुसती लुडबूड करतं.

बटणं कुठे सापडतात

आयफोन आणि एअरपॉड्सवर असं करा.

1. दोन्ही बड कानात घालून काहीतरी वाजवायला लावा. एकच बड घालून हा खेळ जमत नाही, कारण सगळी मदार दोन कानांतल्या फरकावर आहे.
2. कंट्रोल सेंटर उघडून आवाजाच्या पट्टीवर बोट दाबून धरा.
3. उजवीकडच्या बटणाचं नाव वाचा. Spatialize Stereo दिसलं तर मूळ आवाज दोन चॅनलचा आहे आणि फोन त्याला स्वतः पसरवतोय. Spatial Audio दिसलं तर मूळ आवाजच बहुचॅनल किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉसचा आहे.
4. त्यावर टॅप केलं की तीन पर्याय येतात. Off म्हणजे काहीच नाही, Fixed म्हणजे आवाज डोक्याबाहेर पण मानेबरोबर फिरणारा, आणि Head Tracked म्हणजे मान वळली तरी जागेवर राहणारा.

तिसऱ्या पायरीकडे कोणी फारसं बघत नाही, पण पुढचे बरेच निर्णय त्या एका नावावरून होतात. आणखी एक सोय म्हणजे इथली निवड फोन प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी लक्षात ठेवतो. चित्रपटाच्या अ‍ॅपमध्ये Head Tracked आणि गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये Off असं एकदा लावलं की पुन्हा हात लावायला नको.

पिक्सेल बड्स प्रोसारख्या बड्सवर, अँड्रॉइड 13 किंवा त्यापुढचा पिक्सेल फोन असेल तर Settings मध्ये Connected devices उघडा आणि बड्सच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर टॅप करा. तिथे Spatial audio आणि Head tracking असे दोन स्वतंत्र खटके मिळतात. सॅमसंगच्या गॅलक्सी बड्सची सोय Galaxy Wearable अ‍ॅपमध्ये आहे. तिथे याचं नाव 360 Audio, आणि हेड ट्रॅकिंगचा खटका त्याच्या आत. हे सॅमसंगच्याच फोनबरोबर चालतं. दुसऱ्या कंपनीच्या फोनला तेच बड जोडले आणि हा पर्याय सापडला नाही, तर बड्सना दोष देऊ नका.

बोसच्या क्वाएट कम्फर्ट अल्ट्रा बड्समध्ये नावांनी चांगलीच गंमत केली आहे. तिथे Off, Still आणि Motion असे पर्याय आहेत. Motion म्हणजे हालचालीचा माग घेणारं, असं वाटणं साहजिक आहे. पण Motion हे तुम्ही हलत असताना वापरायचं, त्यात आवाज तुमच्याबरोबर फिरतो. मान वळवली तरी आवाज जागेवर राहतो तो Still मध्ये. एका जागी बसला असाल तर Still, चालत असाल तर Motion.

आधी एकदा पारखून घ्या

कुठला पर्याय कसा ऐकू येतो हे कानांना एकदा शिकवलं की पुढे फसगत होत नाही. त्यासाठी गाणं नको, एकाच माणसाचं बोलणं असलेला व्हिडिओ घ्या. बातम्या वाचणारा निवेदक उत्तम, कारण त्याचा आवाज बरोबर मध्यभागी असतो आणि मागे काही वाजत नसतं.

फोन समोर टेबलावर उभा करा, डोळे मिटा, पर्याय Fixed ठेवा आणि आवाज कुठून येतोय ते ऐका. मान डावी-उजवीकडे सावकाश वळवा, आवाज तुमच्याबरोबर येईल. आता Head Tracked लावून तेच करा. मान उजवीकडे वळवताच निवेदक डाव्या कानाकडे गेला पाहिजे. डोळे उघडलेत तर फोन त्याच दिशेला दिसेल. शेवटी Off करून ऐका. निवेदक डोक्यात शिरेल, पण त्याचा आवाज जास्त जवळचा आणि कोरडा वाटेल. हा कोरडेपणा लक्षात ठेवा, गाण्यांच्या बाबतीत तो उपयोगी पडणार आहे.

Fixed आणि Head Tracked या दोन्हींत आवाज डोक्याबाहेर जातच नसेल, तर सरासरी कानाचं गणित तुमच्या कानाला जुळत नाहीये. आयफोनवर त्याला एक उतारा आहे. iOS 16 पासून Settings मध्ये एअरपॉड्सच्या पानावर Personalized Spatial Audio हा पर्याय आहे. फेस आयडीचा कॅमेरा चेहरा समोरून आणि दोन्ही कान बाजूंनी टिपतो. बड काढून ठेवा आणि कानांवरचे केस मागे घ्या. दागिन्यांनी कान झाकला जात असेल तर तेही तेवढ्यापुरते उतरवा. सोनीच्या बड्सना त्यांच्या अ‍ॅपमधून कानांचे फोटो देता येतात. याने काहींना मोठा फरक जाणवतो, काहींना अजिबात नाही. फरक नसेल तर बिनदिक्कत काढून टाका.

चित्रपट आणि घाटातली गाडी

हेड ट्रॅकिंगचं हक्काचं ठिकाण म्हणजे बहुचॅनल आवाजाचा चित्रपट किंवा मालिका. संवाद पडद्यावर आणि पाऊस चहूकडून पडतो, त्यात मागचा दरवाजा खरोखर मागे वाजतो. इथे Head Tracked ठेवा. घरी कोणी हाक मारली म्हणून मान वळवली तरी संवाद पडद्यावरच राहतो, आणि त्या एका गोष्टीमुळे बड कानात आहेत हे विसरायला होतं.

आता हाच चित्रपट डेक्कन क्वीनमध्ये बघायला घेऊ. पुण्याहून निघालेली गाडी लोणावळ्यानंतर बोर घाट उतरते आणि वळणावळणाने दिशा बदलत राहते. तुम्ही मान हलवलेली नाही, पण गाडीबरोबर तुमचं डोकं फिरलं. बडमधल्या जायरोस्कोपला मान वळली काय आणि गाडी वळली काय, दोन्ही सारखंच. त्याच्या लेखी डोकं चाळीस अंश फिरलं.

आयफोन इथे फोनमधल्या सेन्सरची मदत घेतो. फोनही गाडीबरोबर चाळीसच अंश फिरला, म्हणजे फोन आणि डोकं यांच्यात फरक शून्य, म्हणून आवाज हलवायचं कारण नाही. हातातल्या फोनवर बघत असाल तर संपूर्ण घाट उतरला तरी संवाद पडद्यावर राहतो.

तुलना करायला फोनचा आधार नसलेले, सगळा हिशेब बडमध्येच करणारे बड्स मात्र वळणावर चकतात. गाडी वळते आणि संवाद खिडकीकडे सरकत जातो. मग मान स्थिर आहे असं दिसलं की बड्स आवाज हळूहळू परत मध्यावर आणतात, तेवढ्यात पुढचं वळण येतं. आवाज असा सतत तरंगत राहिला तर काहींना मळमळतं, कारण डोळे एक सांगतात आणि कान दुसरं. एसटी, टॅक्सी, बोट, सगळीकडे हेच. असे बड्स असतील तर प्रवासात हेड ट्रॅकिंग बंद, स्पेशियल हवं तर चालू. ज्यांना मुळात गाडी लागते किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे, त्यांनी प्रवासात ते बंदच ठेवलेलं बरं.

आयफोनवालेही इथे एका प्रकारे फसू शकतात. फोन स्टँडवर स्थिर न ठेवता हातात सारखा इकडेतिकडे करत असाल, तर फोनची हालचालही हिशेबात येते आणि आवाज डुलतो. Settings मध्ये Accessibility, मग AirPods इथे जा. हेड ट्रॅकिंगच्या भागात Follow iPhone नावाचा खटका आहे. तो बंद केला की फोनकडे न बघता फक्त बड्सच्या हालचालीवरून काम चालतं. घरी हे ठीक आहे. घाटात मात्र तो परत चालू करा, नाहीतर वर सांगितलेली गत होईल.

गाणी: इथे बटण बंद करायला कचरू नका

कंट्रोल सेंटरमध्ये Spatialize Stereo दिसत असेल, तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याने दोन चॅनलमध्ये जी मांडणी केली होती ती फोन मोडून नव्याने मांडतोय. समोर दोन स्पीकर असलेल्या एका काल्पनिक खोलीत तुम्हाला बसवल्यासारखं ते होतं. ऑर्केस्ट्रा किंवा मैफलीच्या थेट मुद्रणात कधी कधी ते छान वाटतं. पण बहुतेक गाण्यांत गायक दोन पावलं मागे जातो, खालचे स्वर सैल पडतात आणि सगळ्यावर एका खोलीचा पातळ पडदा येतो.

तबला ऐकून हे चटकन ओळखता येतं. एखादं ख्यालाचं किंवा नाट्यगीताचं मुद्रण लावा आणि चाटीवरच्या ‘ना’कडे लक्ष द्या. Off मध्ये तो आघात टोकदार असतो, बोट लागल्याचा क्षण वेगळा ऐकू येतो. Fixed मध्ये त्याच्यामागे छोटीशी शेपूट येते आणि धार जाते. द्रुत लयीत या शेपट्या एकमेकींत मिसळून बोल पुसट होतात. जुनी एकचॅनल मुद्रणं तर दोन्ही कानांत तीच असतात, त्यांत पसरवायला काही नसतंच. वर चढतो तो केवळ खोलीचा प्रतिध्वनी. अशा मुद्रणांना Off.

रियाजासाठी तानपुरा लावणाऱ्यांनी तर हे नक्की बंद करावं. मान डोलली की तानपुरा सरकणार, आणि वरच्या कंपनसंख्यांशी केलेल्या छेडछाडीने जवारीचा रंग बदलणार. व्हिडिओ किंवा पॉडकास्टचं संपादन करणाऱ्यांनाही तोच नियम, कारण तुम्ही जे ऐकताय ते फाइलमध्ये नाही.

डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये मिसळलेल्या गाण्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे आवाजांच्या जागा मुद्रण करणाऱ्यानेच ठरवलेल्या असतात, म्हणून Fixed वर एकदा ऐकून बघाच. आवडलं नाही तर कंट्रोल सेंटरमध्ये Off करून भागत नाही, हे मात्र लक्षात घ्या. त्याने अ‍ॅटमॉसचंच मिश्रण दोन चॅनलमध्ये दाबून वाजतं. मूळ स्टिरिओ मिश्रण हवं असेल तर Settings मध्ये Music च्या पानावर Dolby Atmos आहे, ते Off करा. iOS 18 पासून Music चं पान Apps च्या आत गेलं आहे. कित्येक जण ‘अ‍ॅटमॉसमध्ये गाणं हलकं वाजतं’ म्हणत वैतागतात, त्यांना हेच बटण हवं असतं.

युट्यूबवर ‘8D’ नावाने फिरणारी गाणी आणि दोन कानांसाठीच मुद्रित केलेले बायनॉरल आवाज यांत स्पेशियल प्रक्रिया आधीच झालेली असते. त्यावर फोनने पुन्हा तीच केली की दिशा बिघडतात आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा लागतो. नेमबाजीच्या ज्या गेम्स पावलांचा आवाज स्वतःच दिशेसकट देतात, त्यांतही हाच घोळ होतो. वर मानेचं मोजमाप आणि प्रक्रिया यांत क्षणभर जातो तो वेगळाच. गेममध्ये दोन्ही बंद.

चालताना, धावताना, स्वयंपाक करताना समोर पडदा नसतो आणि मान सतत फिरत असते. त्यामुळे हेड ट्रॅकिंग बंद ठेवा. साध्या फोनवर बोलतानाही त्याचा उपयोग नाही, एकच आवाज असतो आणि तो कुठे मांडणार?

आवाज एका बाजूला गेला तर

आधी Off करा. आवाज मध्यावर आला तर प्रकार हेड ट्रॅकिंगचा आहे. जायरोस्कोप वेग मोजतो आणि त्यावरून कोन काढतो. त्यात बारीक चूक साठत जाते आणि कल्पित ‘समोर’ हळूहळू सरकतं. फोनकडे सरळ बघत काही क्षण मान स्थिर ठेवा, बहुधा ते जागेवर येतं. नाही आलं तर बड डबीत ठेवून पुन्हा घाला.

Off करूनही आवाज कललेला असेल तर हेड ट्रॅकिंगचा काही संबंध नाही. एका बडची जाळी मळाने बुजली आहे का बघा. दोन्ही कानांत रबरी टोक नीट बसलंय का तेही तपासा, कारण एका बाजूची बैठक सैल असेल तर तिकडचे खालचे स्वर गळतात. तेही ठीक असेल तर आयफोनच्या Accessibility मध्ये Audio & Visual उघडून डाव्या-उजव्याची पट्टी मध्यावर आहे ना ते पाहा. त्याच पानावर Mono Audio चालू राहिलं असेल, तर स्पेशियल ऑडिओ चालणारच नाही. कोणीतरी एकाच बडवर ऐकण्यासाठी ते लावून विसरलेलं असतं.

बॅटरीचा हिशेबही बंद करण्याच्या बाजूने जातो, पण किती ते बड्सवर अवलंबून आहे. दुसऱ्या पिढीच्या एअरपॉड्स प्रोला अ‍ॅपल एका चार्जवर 6 तास सांगतं, आणि स्पेशियल ऑडिओ व हेड ट्रॅकिंगसह 5.5 तास. म्हणजे अर्ध्या तासाचा फरक, त्यासाठी चित्रपटाची मजा सोडायचं कारण नाही. बोसच्या अल्ट्रा बड्सचा आकडा मात्र 6 तासांवरून 4 तासांवर येतो. लांबच्या प्रवासात डबी चार्ज केलेली नसेल तर तिथे बंद करणंच शहाणपणाचं.

स्वस्त बड्सच्या खोक्यावर ‘स्पेशियल’ किंवा ‘थ्रीडी’ लिहिलेलं असतं. दुकानात घालून बघायची सोय असेल तर निवेदकाची परीक्षा तिथेच घ्या. हा पर्याय चालू करताच निवेदक समोर न जाता नुसता हॉलमध्ये बोलल्यासारखा घुमू लागला, आणि मान वळवून काहीच बदललं नाही, तर त्यात प्रतिध्वनीपलीकडे फारसं काही नाही. त्या बटणासाठी जादा पैसे मोजू नका.